टायटल बदललं, क्लिक वाढले, पण कशामुळे? कांदा बाजारभावाच्या पानांवर टायटल चाचणी

नाशिक जिल्ह्यात कांद्याचे बाजारभाव देणाऱ्या साइट बऱ्याच आहेत. त्यांपैकी कोणाशीही बोललात तर गूगलच्या निकालात दिसणाऱ्या पानाच्या शीर्षकाबद्दल, म्हणजे टायटलबद्दल, एक वाक्य हमखास ऐकू येतं: "टायटल बदललं आणि क्लिक वाढले." क्लिक वाढलेले असतातच, गूगलच्या सर्च कन्सोल या आकडेवारीच्या साधनात तसा आलेखही दिसतो. पण त्याच आठवड्यात लाल कांद्याची आवक सुरू झालेली असते, निर्यातीची बातमी आलेली असते किंवा दिवाळीच्या सुट्टीनंतर बाजार समित्या पुन्हा उघडलेल्या असतात. मग वाढ टायटलमुळे झाली की बाजारामुळे?

एका पानाचं टायटल बदलून आधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवले तर या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. उत्तर हवं असेल तर ज्यांचं टायटल बदललेलं नाही अशी तशीच पानं सोबत लागतात. बाजारभावाच्या साइटवर ती आयतीच मिळतात, कारण प्रत्येक बाजार समितीचं एक पान असतं आणि सगळी पानं एकाच साच्यातली असतात. अशा साइटवर चाचणी कशी लावायची आणि आकडे कसे वाचायचे, ते टप्प्याटप्प्याने सांगतो. पुढच्या उदाहरणातले इम्प्रेशन, म्हणजे पान निकालात किती वेळा दिसलं ते, आणि क्लिकचे आकडे गणित कळावं म्हणून घेतले आहेत. तुमच्या साइटचे वेगळे असतील.

आधी प्रश्न नेमका करा

जाहिरातीत दोन मजकूर एकाच वेळी अर्ध्या-अर्ध्या लोकांना दाखवता येतात. सर्चमध्ये तशी सोय नाही. गूगल पानाची एकच प्रत साठवून ठेवतं आणि तिच्यातलं एक टायटल सगळ्यांना दाखवतं. गूगलच्या बॉटला एक टायटल आणि वाचकाला दुसरं दाखवणं नियमांत बसत नाही, आणि त्यातून मोजताही काही येत नाही. त्यामुळे आपण माणसांचे दोन गट करत नाही, पानांचे करतो.

समजा, सध्याचा साचा पहिल्या ओळीतला आहे आणि तुम्हाला दुसऱ्या ओळीतला तपासायचा आहे:

```
<title>येवला कांदा बाजारभाव | साइटचं नाव</title>
<title>येवला कांदा भाव आज: उन्हाळ, लाल, आवक व सर्वसाधारण दर</title>
```

यामागचा अंदाज असा, की शेतकऱ्याला भाव आजचा आहे का आणि आपल्या जातीच्या कांद्याचा आहे का, हे टायटलमध्येच दिसलं तर तो क्लिक करेल. हा अंदाज एका वाक्यात आधीच लिहून ठेवा. अंदाज लिहिलेला नसेल तर निकाल आल्यावर जो आकडा बरा दिसतो त्यालाच यश म्हटलं जातं.

साचा निवडताना दोन मोह टाळा. पहिला मोह म्हणजे टायटलमध्ये थेट भाव टाकण्याचा. सर्वसाधारण दर टायटलमध्येच वाचायला मिळाला तर वाचकाचं काम तिथेच होतं, मग तो क्लिक कशाला करेल? दुसरा मोह तारखेचा. तुम्ही रोज तारीख बदलली तरी गूगल प्रत्येक पान रोज वाचेलच असं नाही. आडबाजूच्या उपबाजाराच्या पानावर चार दिवसांपूर्वीची तारीख झळकत राहिली तर आजचा भाव शोधणारा ते पान टाळणार. 'आज' या शब्दाला तो धोका नाही. मात्र त्या शब्दाला जागायचं असेल तर पानावर खरोखर आजचा भाव हवा.

टायटलला अक्षरांची ठरावीक मर्यादा नाही. स्क्रीनच्या रुंदीत मावेल तेवढं दिसतं आणि उरलेलं कापलं जातं. म्हणून बाजाराचं नाव आणि 'कांदा भाव' हे शब्द आधी घ्या. शोधणारे रोमन लिपीतही टाइप करतात म्हणून मराठी पानाला इंग्रजी टायटल देऊ नका. पानाच्या मजकुराची भाषा व लिपी आणि टायटलची भाषा व लिपी जुळत नसेल तर गूगल टायटल बदलू शकतं. मग तुम्ही तपासत असाल एक आणि लोकांना दिसत असेल दुसरंच.

जोड्या लावा, मग नाणं उडवा

चाचणीत सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा, असं माझं ठाम मत आहे. गट चुकले तर पुढचं कोणतंही गणित ते सावरू शकत नाही.

लासलगाव आणि पिंपळगाव बसवंत ही दोन पानं आधी बाजूला काढा. त्यांची रहदारी इतर सगळ्यांपेक्षा खूप जास्त असते, त्यामुळे ती ज्या गटात जातील त्या गटाचा आकडा म्हणजे प्रत्यक्षात त्या एका पानाचाच आकडा ठरतो. शिवाय 'लासलगाव' शोधणाऱ्यांत देशभरचे व्यापारी आणि पत्रकार असतात, तर नामपूर शोधणारा बहुधा बागलाणातला शेतकरी असतो. दोघांचं वागणं सारखं नसतं.

उरलेल्या पानांच्या जोड्या भूगोल पाहून लावा. सटाणा आणि नामपूर बागलाणातले. मनमाड आणि नांदगाव एकाच तालुक्यातले. देवळा–उमराणे, येवला–अंदरसूल आणि कळवण–अभोणा यांचंही तसंच. सहावी जोडी चांदवड–सिन्नर अशी घेता येईल. जोडीतल्या दोन्ही ठिकाणी पाऊस, आवक आणि सुट्ट्या साधारण सारख्या असतात, म्हणजे टायटल सोडून बाकीचा गोंधळ दोघांच्या वाट्याला सारखाच येतो. इम्प्रेशनमध्ये थोडाफार फरक असला तरी चालेल. दहापट फरक असेल तर मात्र जोडी बदला.

आता प्रत्येक जोडीतल्या कोणत्या पानाला नवं टायटल द्यायचं, हे नाणं उडवून ठरवा. आपण स्वतः निवडायला बसलो की नकळत चढत्या पानांना नवं टायटल देतो आणि मग ती चढली म्हणून आनंद मानतो.

इथे एक मर्यादा आहे. कोणी 'नाशिक जिल्हा कांदा भाव' असं शोधलं आणि निकालात तुमची देवळा व उमराणे ही दोन्ही पानं आली, तर नव्या टायटलला मिळालेला क्लिक जुन्या टायटलकडून हिसकावलेला असू शकतो. अशा वेळी एक गट चढतो आणि दुसरा उतरतो, फरक मोठा दिसतो, पण साइटला मिळालेलं काहीच नसतं. म्हणून शेवटी दोन्ही गटांचे एकूण क्लिकही पाहायचे.

चाचणी झेपणार आहे का, ते आधी मोजा

सीटीआर, म्हणजे इम्प्रेशनपैकी किती टक्के वेळा क्लिक झाला ते प्रमाण, ४ टक्के आहे आणि तो ४.८ टक्के झाला, म्हणजे पाचव्या हिश्श्याने वाढला, तर तुम्हाला तो फरक ओळखता यायला हवा. दोन गट आणि दोन कालखंड अशा मांडणीत त्यासाठी प्रत्येक गटाला प्रत्येक कालखंडात साधारण १९ हजार इम्प्रेशन लागतात. वाढ त्याच्या निम्मी, म्हणजे ४ वरून ४.४ अशी असेल, तर साधारण ७७ हजार लागतात. फरक निम्मा झाला की लागणारा डेटा चौपट होतो. यातून एक व्यवहारी निष्कर्ष निघतो: लहान साइटने एखादा शब्द इकडचा तिकडे करून चाचणी घेऊ नये. बदल ठळक असावा, वाचकाला पाहताक्षणी वेगळा वाटेल असा.

सहा पानांची महिन्याची बेरीज तीन-चार हजार इम्प्रेशनच भरत असेल तर चाचणीच घेऊ नका. चांगलं वाटतं ते टायटल लावा आणि पुढच्या कामाला लागा. निकाल न देणाऱ्या चाचणीत दोन महिने घालवण्यापेक्षा ते बरं.

बदल करा आणि तो पोहोचला का ते तपासा

फक्त टायटल बदला. त्याच दिवशी पानाची मांडणी, वर्णनाची ओळ किंवा भावाचा तक्ता बदललात तर कशामुळे काय झालं हे कधीच कळणार नाही. पानावरचा मोठा मथळाही तसाच राहू द्या. एक मात्र लक्षात ठेवा, गूगल टायटल लिंक बनवताना पानावरचा मथळाही विचारात घेतं. ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांनी ही पद्धत बदलली. त्यानंतर सप्टेंबरमध्ये त्यांनीच सांगितलं, की सुमारे ८७ टक्के वेळा पानाचं स्वतःचं टायटल वापरलं जातं. म्हणजे उरलेल्या वेळी ते दुसरं काहीतरी दाखवतं. तुमची सहा पानं कुठल्या बाजूला आहेत हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कळणार नाही.

त्यासाठी सर्च कन्सोलमध्ये प्रत्येक पानाची यूआरएल तपासणी करा आणि गूगलने वाचलेली प्रत उघडून तिच्यात नवं टायटल आहे का बघा. लाइव्ह तपासणीवर इथे विसंबू नका. ती आत्ताचं पान दाखवते, साठवलेली प्रत नाही. मग मोबाइलवर खासगी विंडोत प्रत्यक्ष शोधून पाहा, शेतकरी शोधेल त्याच शब्दांत: 'कळवण कांदा भाव आज'. निकालात जे टायटल दिसतं त्याचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा. सहापैकी दोन पानांवर गूगल जुनंच किंवा स्वतःचं टायटल दाखवत असेल, तर त्या दोन पानांवर चाचणी झालेलीच नाही. अशी पानं त्यांच्या जोडीदारासकट वेगळी मोजा.

बदल केल्यापासून बहुतेक पानांवर नवं टायटल दिसेपर्यंतचे दिवस हिशेबात धरायचे नाहीत. समजा, तुम्ही ३ तारखेला बदल केला आणि शेवटचं पान ९ तारखेला बदललेलं दिसलं. मग 'आधी' हा कालखंड २ तारखेला संपतो आणि 'नंतर' १० तारखेला सुरू होतो.

किती दिवस मोजायचं?

पूर्ण आठवडे घ्या, आधीचे २८ दिवस आणि नंतरचे २८. रविवारी लिलाव नसतात, त्यामुळे एका बाजूला चार रविवार आणि दुसऱ्या बाजूला पाच आले तरी आकडा हलतो. काही बाजार समित्यांत अमावस्येला लिलाव बंद ठेवण्याची जुनी प्रथा आहे. मार्चअखेरीसही हिशेबासाठी बाजार काही दिवस बंद असतात. दोन्ही कालखंडांतले बंद दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवा. एका बाजूला दिवाळीची सलग सुट्टी आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही असं होत असेल तर चाचणी पुढे ढकलणंच शहाणपणाचं.

दिवसाच्या हिशेबात एक गोष्ट आहे जी बाजारभावाच्या साइटवाल्याने पक्की लक्षात ठेवायला हवी. सर्च कन्सोलचा रोजचा आलेख कॅलिफोर्नियाच्या घड्याळावर चालतो. तिथे मध्यरात्र होते तेव्हा आपल्याकडे उन्हाळी वेळेत दुपारचे साडेबारा आणि हिवाळी वेळेत दीड वाजलेले असतात. त्यामुळे सोमवारी सकाळच्या सत्राचा भाव बघायला आलेला शेतकरी सर्च कन्सोलमध्ये रविवारच्या तारखेला जमा होतो. खरा मंद दिवस दिसतो शनिवारच्या नावावर, कारण आपल्या शनिवार दुपारपासून रविवार दुपारपर्यंतचा काळ तिथे शनिवार असतो. रविवारच्या आकड्यात अचानक जीव आला म्हणून कोणी काही निष्कर्ष काढत असेल तर तो घड्याळाचा खेळ असतो. पूर्ण आठवडे घेतले की ही अडचण जवळजवळ नाहीशी होते. आणि शेवटचे दोन-तीन दिवस कधीही मोजू नका. तो डेटा तात्पुरता असतो, नंतर बदलतो.

आकडे काढताना

परफॉर्मन्स अहवालात पानांचा फिल्टर रेजेक्स या नमुना जुळवणाऱ्या पद्धतीने लावा. नवं टायटल मिळालेल्या गटासाठी तो असा दिसेल:

```
/kanda-bhav/(satana|manmad|umrane|yeola|kalwan|sinnar)/
```

दुसऱ्या गटासाठी जोडीदारांची नावं टाका. देश भारत ठेवा. दोन्ही गटांचे दोन्ही कालखंडांतले इम्प्रेशन आणि क्लिक एका शीटमध्ये उतरवा, आणि प्रत्येक पानाचे वेगळे आकडेही घ्या.

या वेळी क्वेरीचा, म्हणजे लोकांनी शोधलेल्या शब्दांचा, फिल्टर लावू नका. फार थोड्या लोकांनी शोधलेल्या क्वेरी गूगल गोपनीयतेसाठी दाखवत नाही. त्या एकूण आकड्यात असतात, पण क्वेरीचा फिल्टर लावला की गळून पडतात. म्हणूनच तक्त्यातल्या क्वेरींची बेरीज वरच्या एकूण आकड्याशी जुळत नाही. मराठीत हे फार जाणवतं. एकच गोष्ट लोक 'उमराणे कांदा भाव', 'उमराणा कांदा बाजार भाव आजचा', शिवाय रोमन लिपीत चार प्रकारे लिहितात, आणि त्यातले बरेच प्रकार त्या मर्यादेखाली राहतात. निकाल पानांच्या एकूण आकड्यावर लावा. क्वेरींकडे नंतर जायचं, ते कारण शोधायला.

सीटीआर एकटा का फसवतो

ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, डिसेंबरमध्ये निर्यातबंदी आली, १ एप्रिल २०२५ पासून शुल्क हटलं. असे निर्णय येतात तेव्हा कांद्याबद्दल सगळेच शोधतात. त्या आठवड्यात एका पानाचं काय होतं ते पाहा.

एरवी पानाला आठवड्याला ५,००० इम्प्रेशन आणि ४ टक्क्यांनी २०० क्लिक मिळतात. बातमीच्या आठवड्यात नेहमीचे ५,००० येतातच, त्यांचे २०० क्लिकही येतात. त्याशिवाय 'कांदा निर्यात' सारख्या ढोबळ क्वेरींवर तुमचं पान नवव्या-दहाव्या जागी दिसतं आणि ७,००० इम्प्रेशन जास्तीचे मिळतात. त्यावर १ टक्क्याने ७० क्लिक. एकूण १२,००० इम्प्रेशनवर २७० क्लिक. क्लिक ३५ टक्क्यांनी वाढले आणि सीटीआर ४ वरून २.२५ वर आला. टायटल तेच, नेहमीच्या वाचकाचं वागणंही तेच.

आता कोणी त्याच आठवड्यात टायटल बदललं असेल तर तो म्हणेल, नवं टायटल वाईट निघालं. बातमी ओसरल्यावर सीटीआर परत ४ झाला की म्हणेल, जुनं टायटल परत आणलं म्हणून सुधारलं. दोन्ही वेळा तो बातमीच मोजत असतो.

सरासरी स्थानाचंही असंच आहे. ती इम्प्रेशनच्या वजनाने काढलेली सरासरी असते. दूरच्या क्वेरींवर जास्त दिसायला लागलात की सरासरी स्थान घसरतं, पण तुमच्या नेहमीच्या क्वेरीवरचं स्थान जागचं हललेलंही नसतं. उलट बाजूचं उदाहरण सप्टेंबर २०२५ चं. एका पानावर १०० निकाल मागवण्याची सोय गूगलने बंद केली. स्थान तपासणारी साधनं त्या सोयीवर चालत होती. त्यामुळे अनेक साइटवर, मुख्यतः डेस्कटॉपवर, इम्प्रेशन एकदम घटले आणि सरासरी स्थान सुधारलेलं दिसलं. प्रत्यक्ष वाचकांत काहीही बदललं नव्हतं. त्या तारखेच्या अलीकडचा आणि पलीकडचा सीटीआर थेट ताडून पाहू नका.

या सगळ्या लाटा दोन्ही गटांवर येतात. म्हणून एका गटाचा बदल दुसऱ्या गटाच्या बदलाने भागायचा.

गणित, एका उदाहरणावर

नवं टायटल मिळालेल्या गटाला आधी ४१,००० इम्प्रेशनवर १,६४० क्लिक मिळाले, म्हणजे ४ टक्के. नंतर ५२,००० वर २,३४०, म्हणजे ४.५ टक्के. वाढ साडेबारा टक्क्यांची, आणि बहुतेक जण इथेच थांबून पोस्ट टाकतात.

जुनं टायटल ठेवलेल्या गटाला आधी ३८,००० वर १,५२०, म्हणजे तेच ४ टक्के. नंतर ४७,००० वर १,९७४, म्हणजे ४.२ टक्के. काहीही न करता ५ टक्के वाढ. बाजार तापला होता एवढाच त्याचा अर्थ.

आता १.१२५ ला १.०५ ने भागा, १.०७ येतात. टायटलच्या वाट्याला साधारण ७ टक्के. शीटमध्ये दुसऱ्या ओळीत नव्या गटाचे आणि तिसऱ्या ओळीत जुन्या गटाचे आकडे ठेवा. B पासूनच्या स्तंभांचा क्रम आधीचे इम्प्रेशन, आधीचे क्लिक, नंतरचे इम्प्रेशन, नंतरचे क्लिक असा असेल, तर F2 आणि G2 मध्ये ही सूत्रं लिहा:

```
=((E2/D2)/(C2/B2))/((E3/D3)/(C3/B3))
=SQRT(1/C2+1/E2+1/C3+1/E3)
```

दुसरं सूत्र चूक किती असू शकते ते सांगतं. खालची आणि वरची मर्यादा अशी:

```
=F2*EXP(-1.96*G2)
=F2*EXP(1.96*G2)
```

आपल्या आकड्यांत चूक ०.०४७ येते आणि मर्यादा ०.९८ ते १.१७. म्हणजे नव्या टायटलने २ टक्के तोटा झाला असेल किंवा १७ टक्के फायदा झाला असेल, हा डेटा दोन्हींशी जुळतो. ७ हा मधला आकडा आहे, निकाल नव्हे.

आणि ही मर्यादाही प्रत्यक्षापेक्षा अरुंद आहे. हे सूत्र प्रत्येक क्लिक स्वतंत्र धरतं, पण कांद्याचे क्लिक झुंडीने येतात: एक दिवस भाव उसळला की सगळे एकदम शोधतात. तुमच्या साइटवर खरी हालचाल किती आहे ते कळण्याचा सोपा मार्ग आहे. सर्च कन्सोल १६ महिन्यांचा डेटा ठेवतं. टायटल बदललं नव्हतं त्या काळातले २८-२८ दिवसांचे सलग तुकडे घ्या आणि याच दोन गटांवर हेच गुणोत्तर काढा. काहीच केलेलं नाही, तेव्हा ते १ च्या जवळ यायला हवं. ते ०.९४ ते १.०६ असं झुलत असेल तर १.०७ ला फारसा अर्थ नाही. ०.९९ ते १.०१ च्या आत राहत असेल तर त्याच १.०७ कडे आदराने बघायला हवं. सगळ्या टप्प्यांतून एकच करायला वेळ असेल तर हा करा.

जोड्याही तपासा. सहापैकी पाच जोड्यांत नवं टायटल पुढे असेल तर ते चांगलं लक्षण आहे, पण सहा नाणी उडवली तरी पाच किंवा सहा छापे पडण्याची शक्यता ११ टक्के असते. पाच जोड्या जागच्या जागी आणि एकटं येवला दुप्पट झालेलं असेल, तर टायटल विसरा आणि येवल्यात काय घडलं ते शोधा.

कारण शोधायला क्वेरी

आता क्वेरीचा फिल्टर लावा. स्थान दोन्ही कालखंडांत जवळपास तेच राहिलेल्या, भरपूर इम्प्रेशन असलेल्या दोन-तीन क्वेरी निवडा, जशी 'येवला कांदा भाव'. फक्त मोबाइलचे आकडे घ्या. स्थान, उपकरण आणि शोधणाऱ्याचा हेतू तिन्ही स्थिर आहेत, तेव्हा इथला सीटीआर वाढला असेल तर टायटलचा हात असण्याची शक्यता बरीच. आपला अंदाज 'आज' आणि 'उन्हाळ, लाल' या शब्दांबद्दल होता. मग 'आज', 'लाल कांदा' असे शब्द असलेल्या क्वेरींवर वाढ जास्त दिसायला हवी. वाढ भलत्याच क्वेरींवर दिसत असेल तर अंदाज चुकला, आकडा कितीही गोड असला तरी.

स्थानच बदललं असेल, समजा सहावरून चौथं झालं, तर सीटीआर त्यानेच वाढेल. तीही टायटलची करामत असू शकते, कारण टायटलमधल्या शब्दांचा क्रमवारीशी संबंध असतो. मात्र मग 'लोकांना नवं टायटल जास्त आवडलं' असं म्हणता येत नाही.

अर्धवट निकाल आला तर

१.०७ सारखा अर्धवट निकाल हाच नेहमीचा अनुभव. अशा वेळी उरलेल्या गटालाही नवं टायटल द्या आणि आणखी २८ दिवस मोजा. पहिल्या गटाचं टायटल या टप्प्यात बदलत नाही, म्हणून या वेळी तो तुलनेसाठी वापरायचा. टायटलमध्ये दम असेल तर दुसरा गट चढून पहिल्याच्या बरोबरीला येईल. समजा, या टप्प्यात गुणोत्तर १.०९ आलं. दोन्ही टप्प्यांची सरासरी ८ टक्के आणि मर्यादा साधारण शून्य ते १७ टक्के. दोन्ही टप्प्यांत मधले २८ दिवस सामाईक असल्यामुळे खात्री वाटते तितकी वाढत नाही. तरी वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या गावांत, एकाच दिशेने फरक पडला ही गोष्ट मोलाची आहे. एवढ्यावर मी नवं टायटल ठेवेन आणि लासलगाव-पिंपळगावलाही देईन.

दुसऱ्या टप्प्यात दुसरा गट चढला नाही, तर पहिल्या वेळचा फरक बहुधा नुसता योगायोग होता. तो चढला, पण दोन्ही गट मिळून एकूण क्लिक वाढले नाहीत, तर पहिल्या वेळी एका पानाने दुसऱ्याचे क्लिक ओढले होते. दोन्ही वेळा अर्थ एकच: टायटल कोणतंही ठेवा, फरक पडत नाही.

साइटच्या मालकांना कळवताना साडेबारा टक्के सांगू नका, आणि नुसते सातही नाही. असं लिहा: "नव्या टायटलने बहुधा थोडी वाढ झाली, अंदाज ८ टक्क्यांच्या आसपास, पण ती जवळजवळ शून्यही असू शकते. नुकसान झाल्याची खूण दिसत नाही." खाली बदलाची तारीख, नवं टायटल शेवटच्या पानावर दिसल्याची तारीख, बंद दिवस आणि त्या काळातल्या बातम्या द्या. उन्हाळ कांदा संपून लाल कांदा बाजारात आला की शोधणाऱ्यांचे शब्द बदलतात, आणि एप्रिलमध्ये लागलेला निकाल नोव्हेंबरात तसाच राहील असं नाही. तेव्हा पुन्हा मोजायचं ठरलं तर हीच नोंद उपयोगी पडेल.